साठेखत नोंदवलं, सात टक्के भरले. मग खरेदीखत कशाला?

प्रश्न: "ऑगस्ट २०२३ मध्ये कोथरूडला एका सोसायटीतला जुना टू बीएचके ८२ लाखांना घेतला, मी आणि मिस्टर दोघांच्या नावावर. साठेखत नोंदवलं, सात टक्के मुद्रांक शुल्क भरलं. १७ लाख तेव्हाच दिले, ६५ लाख बँकेने नोव्हेंबरमध्ये दिले आणि ताबा मिळाला. शेअर सर्टिफिकेट आमच्या नावावर झालं. एजंट म्हणाला होता, महाराष्ट्रात खरेदीखत लागत नाही. आता आम्ही तो विकतोय तर गिऱ्हाइकाची बँक खरेदीखत मागते. ज्यांच्याकडून घेतला ते काका गेल्या वर्षी वारले, मुलगा अमेरिकेत, मुलगी नाशिकला. आम्ही मालक आहोत की नाही?"

उत्तर:

ताबा तुमचा, पैसे पूर्ण दिलेले, सोसायटीच्या दप्तरी नाव तुमचं. पण काकांकडे जी मालकी होती ती कागदावर तुमच्याकडे अजून आलेली नाही. ती मागण्याचा पक्का हक्क मात्र तुमच्याकडे आहे, आणि तो काकांच्या वारसांवरही बंधनकारक आहे. त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण हे काम लांबवू नका, कारण यात एक तारीख आहे. तिच्याकडे पुढे येतोच.

एजंट जे म्हणाला ते पूर्ण खोटं नाही, चुकीच्या जागी लावलेलं खरं आहे. बिल्डरकडून नवा फ्लॅट घेताना पुण्यात बहुतेक लोक फक्त करारनामा नोंदवतात. मोफा म्हणजे १९६३ चा महाराष्ट्राचा फ्लॅट मालकी कायदा आणि आताचा रेरा, दोन्ही त्या करारनाम्याच्या नोंदणीची सक्ती करतात. पुढे सोसायटी स्थापन होते आणि बिल्डरने जमीन आणि इमारतीचं अभिहस्तांतरण, ज्याला सगळे कन्व्हेयन्स म्हणतात, ते सोसायटीच्या नावे करून द्यायचं असतं. प्रत्येक फ्लॅटधारकाला वेगळं खरेदीखत मिळत नाही, कारण जमीन-इमारत सोसायटीकडे जाते आणि फ्लॅटधारक सभासद म्हणून आपला फ्लॅट धारण करतो. बिल्डरने कन्व्हेयन्स दिला नाही तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो, तोही सोसायटीच करते. थोडक्यात, तिथे हस्तांतरणाचा शेवटचा दस्त असतोच. फक्त तो तुमच्या कपाटात नसून सोसायटीच्या फाइलमध्ये असतो.

तुमचा व्यवहार त्यातला नाही. तुम्ही काकांकडून घेतलात. त्यांच्याकडे बिल्डरचा करारनामा, शेअर्स आणि फ्लॅटचा हक्क होता. तो हक्क त्यांच्याकडून तुमच्याकडे आला, असं म्हणणारा दस्त काकांनीच करून द्यायला हवा होता. सोसायटीचा कन्व्हेयन्स ही उणीव भरून काढत नाही, कारण तो बिल्डर आणि सोसायटी यांच्यातला आहे. पहिल्या खरेदीचा नियम रीसेलला लावण्याची ही गफलत पुण्यात इतकी मुरलेली आहे की चांगले शिकलेले लोकही "आमच्याकडे अ‍ॅग्रीमेंट आहे ना" म्हणून निर्धास्त असतात. पुण्यात बऱ्याच इमारती सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या असतात. तिथे तर पहिल्या खरेदीतही प्रत्येकाच्या नावे डीड ऑफ अपार्टमेंट व्हावं लागतं. तुमची सोसायटी आहे, म्हणून त्यात शिरत नाही.

आता साठेखताने नक्की काय मिळतं ते बघू. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे आणि त्याचं कलम ५४ या बाबतीत अगदी सरळ आहे. विक्री म्हणजे किमतीच्या बदल्यात मालकीचं हस्तांतरण, आणि शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. विक्रीचा करार म्हणजे पुढे ठरलेल्या अटींवर विक्री करू, असं दोघांनी कबूल करणं. त्या कराराने आपोआप मालमत्तेत कुठलाही हितसंबंध निर्माण होत नाही, हे त्याच कलमात लिहिलेलं आहे. सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हेच ठणकावून सांगितलं. तिथला मुद्दा कुलमुखत्यारपत्रावर चालणाऱ्या विक्रीचा होता, पण नोंदणीकृत हस्तांतरणाच्या दस्ताशिवाय मालकी जात नाही हे तत्त्व साठेखतालाही तसंच लागू पडतं.

"मग सरकारने आमच्याकडून सात टक्के कसले घेतले?" हे तुमच्या मनात येणारच. ८२ लाखांवर ५ लाख ७४ हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी तुम्ही भरली आहे. (फ्लॅट एकट्या तुमच्या नावावर असता तर महिला खरेदीदाराची एक टक्का सवलत मिळाली असती, मिस्टरांचं नाव जोडल्यामुळे ती गेली.) इतके पैसे भरल्यावर आपण मालक झालो असं कुणालाही वाटेल. पण महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यात अनुच्छेद २५ खाली एक स्पष्टीकरण आहे: ज्या करारात ताबा दिला आहे किंवा द्यायचं ठरलं आहे, तो करार शुल्कापुरता अभिहस्तांतरणच समजावा. लोक साठेखत करून ताबा घेतात आणि खरेदीखताला येतच नाहीत, मग सरकारचं शुल्क बुडतं. ते बुडू नये म्हणून ही तरतूद आहे. १९९९ मध्ये वीणा हसमुख जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पण तिचा जोर शुल्क वसुलीपुरताच आहे. सरकारने तुमचा करार विक्री समजून पैसे घेतले, म्हणून काकांनी विक्री केली असं होत नाही. या पैशांचा तुम्हाला एक खराखुरा फायदा आहे, तो खरेदीखताच्या वेळी मिळेल.

मालकी मिळाली नाही म्हणून साठेखत म्हणजे नुसता कागद, असंही समजू नका. नोंदणीकृत साठेखत आणि दुकानात मिळणाऱ्या छापील फॉर्मवर लिहिलेली विसारपावती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमचं साठेखत सूची क्रमांक दोनमध्ये आहे, कुणीही आयजीआरच्या संकेतस्थळावर ई-सर्च केला तर ते दिसतं. कायद्यात याचा अर्थ असा की त्या फ्लॅटशी पुढे व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाला तुमच्या कराराची माहिती होती असं धरलं जातं. उद्या काकांच्या वारसांनी तोच फ्लॅट दुसऱ्या कुणाला खरेदीखताने विकला, तर "आम्हाला ठाऊकच नव्हतं" हा त्या खरेदीदाराचा बचाव चालणार नाही. आणि असं होऊ शकतं, कारण दुय्यम निबंधक दस्त नोंदवताना माणसांची ओळख आणि दस्ताचा आकार-शुल्क बघतो, मालकीचा निवाडा करत बसत नाही.

दुसरं संरक्षण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ क चं. लेखी करार झाला, त्यानुसार ताबा घेतला, आपल्या बाजूची पूर्तता केली किंवा करायला तयार आहोत, तर विकणारा किंवा त्याच्यामार्फत हक्क सांगणारे तुम्हाला घराबाहेर काढू शकत नाहीत. २४ सप्टेंबर २००१ नंतरच्या करारांना यासाठी नोंदणी सक्तीची आहे, तुमची आहे. म्हणून काकांचा मुलगा अमेरिकेहून येऊन "फ्लॅट अजून बाबांच्याच नावावर आहे, रिकामा करा" म्हणाला तरी तो तुम्हाला हलवू शकत नाही. पण कलम ५३ क ही ढाल आहे, तलवार नाही. तिच्या जोरावर तुम्ही ताबा राखू शकता, "आम्हाला मालक घोषित करा" असा दावा लावू शकत नाही, आणि तुमच्या गिऱ्हाइकाला मालकीही देऊ शकत नाही. जे आपल्याकडे नाही ते पुढे देता येत नाही. त्या बँकेच्या वकिलाने बोट ठेवलंय ते इथेच.

तिसरी गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. समजा काकांच्या डोक्यावर एखादं व्यावसायिक कर्ज होतं आणि त्या सावकाराने हुकूमनामा मिळवून फ्लॅटवर जप्ती आणली. जप्तीनंतर केलेलं खासगी हस्तांतरण एरवी सावकाराविरुद्ध निरर्थक ठरतं. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६४ मध्ये अपवाद आहे: जप्तीच्या आधी नोंदवलेल्या करारानुसार नंतर खरेदीखत झालं तर ते टिकतं. साठेखत नोंदवायचं की नुसतं नोटरी करायचं, अशी काटकसर करू पाहणाऱ्याला मी हे कलम आवर्जून दाखवतो. अर्थात साठेखताच्या आधीचा बोजा, उदाहरणार्थ काकांनी २०२३ पूर्वी फ्लॅट तारण ठेवून घेतलेलं कर्ज, यातून सुटत नाही. तुमच्या बँकेने ६५ लाख देण्याआधी ते तपासलं असेल, तरी काकांच्या बँकेचा 'नो ड्यूज' दाखला तुमच्या फाइलमध्ये आहे का ते बघा.

शेअर सर्टिफिकेटबद्दल दोनच वाक्यं. त्यावर तुमचं नाव आलं म्हणजे सोसायटीने तुम्हाला सभासद करून घेतलं. सोसायटी कुणाकडून देखभाल खर्च घेणार आणि कुणाला मतदानाला बोलावणार, हे त्यातून ठरतं. मालकीचा वाद सोसायटीचं सर्टिफिकेट सोडवत नाही, आणि महापालिकेच्या कर-आकारणीचं किंवा महावितरणचं बिल तर त्याहूनही नाही.

तुमच्या बँकेने २०२३ मध्ये साठेखतावर कर्ज दिलं आणि आता दुसरी बँक का अडते, याचं उत्तरही यातच आहे. तुमच्या बँकेने नोंदणीकृत करार, सोसायटीचा ना-हरकत दाखला आणि ताबा बघून पैसे सोडले. तुमचं कर्जमंजुरीचं पत्र काढून वाचा. "खरेदीखत झाल्यावर मूळ दस्त बँकेत जमा करावा" अशी अट त्यात असण्याची दाट शक्यता आहे. ही अट रीसेलच्या पत्रांत बऱ्याचदा असते आणि हप्ते वेळेवर जात असतील तर कुणी ती विचारायला येत नाही.

आता कामाचं. सगळ्यात आधी साठेखताची प्रत काढा आणि शीर्षक सोडून आतली कलमं वाचा. दस्ताला नाव काय दिलंय यावरून त्याचा परिणाम ठरत नाही. "विकत देण्याचे ठरले आहे", "संपूर्ण मोबदला मिळाल्यावर खरेदीखत करून देण्याचे मान्य व कबूल" अशी भाषा असेल तर तो करार आहे. "आज रोजी कायमस्वरूपी विकत दिला असून सर्व हक्क तुमच्याकडे वर्ग झाले आहेत" अशी भाषा असेल तर चित्र वेगळं, मग एखादा पुष्टीपत्राचा दस्त पुरू शकतो. तुम्ही १७ लाख आधी आणि ६५ नंतर दिलेत, त्यामुळे तुमच्या दस्तात पहिलीच भाषा असणार असं धरून पुढचं सांगतो.

त्याच वाचनात खरेदीखताची मुदत शोधा, कारण मी म्हटलेली तारीख तिथेच आहे. करार पाळायला लावण्याच्या दाव्याला, म्हणजे विशिष्ट पूर्ततेच्या दाव्याला, मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५४ प्रमाणे तीन वर्षं मिळतात. करारात पूर्ततेची तारीख ठरलेली असेल तर ती वर्षं त्या तारखेपासून मोजतात. तारीख नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं तुम्हाला कळल्यापासून. समजा तुमच्या साठेखतात "खरेदीखत ३१ जानेवारी २०२४ पर्यंत" असं आहे. मग दावा लावण्याची मुदत ३१ जानेवारी २०२७ ला संपते. त्या दिवशी रविवार आहे, त्यामुळे कोर्ट उघडण्याच्या दिवशी दावा चालेल, पण अशा हिशोबावर कुणी राहू नये. काका मधे वारले म्हणून घड्याळ थांबत नाही. मुदत एकदा सुरू झाली की चालूच राहते. वारस फोनवर "हो हो, करून देऊ" म्हणत राहिले तरी नाही.

मुदत गेली तर? घर जात नाही. श्रीमंत शामराव सूर्यवंशी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं आहे की दाव्याची मुदत टळली तरी कलम ५३ क चा बचाव शिल्लक राहतो. पण मग वारसांना कोर्टामार्फत दस्त करायला भाग पाडण्याचा रस्ता बंद होतो, आणि तुम्ही कुणी काढू शकत नाही पण विकूही शकत नाही अशा घरात बसता. तिथून पुढे सगळं वारसांच्या मर्जीवर, आणि मर्जीला भाव असतो. कोथरूडचे दर तीन वर्षांत कुठे गेले हे अमेरिकेत बसूनही मोबाइलवर दिसतं.

दुसरं, पैशांचा पुरावा एकत्र करा. साठेखतात फक्त १७ लाखांची पोच असेल. ६५ लाख बँकेने काकांच्या खात्यात भरले, त्याचं वाटप पत्र आणि तुमच्या कर्जखात्याचा उतारा घ्या. व्यवहार ५० लाखांच्या वर आहे, म्हणून एक टक्का म्हणजे ८२ हजार टीडीएस तुम्ही कापून २६क्यूबी भरला असेल. त्याची पावती आणि काकांना दिलेला १६बी शोधा. नोव्हेंबरला काकांनी ताबापावती लिहून दिली असेल तर ती सगळ्यात मोलाची, कारण "ताबा या करारानुसार दिला" हे त्यांच्या सहीने तिथे सिद्ध होतं.

तिसरं, वारस कोण ते नक्की करा. तुम्ही मुलगा आणि मुलगी सांगितलेत. काकू आहेत का? काकांची आई हयात आहे का? हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर विधवा, मुलं, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस आहेत आणि सगळ्यांच्या सह्या लागतील. शिवाय काकांचा बिल्डरबरोबरचा मूळ करारनामा बघा; त्यात काकूंचंही नाव असेल तर त्या वारस म्हणून आणि सहमालक म्हणून, अशा दोन्ही नात्यांनी दस्तात येतील. (आणि त्या सहमालक असतील तर २०२३ च्या साठेखतावर त्यांची सही आहे ना, हेही तपासा. नसेल तर तो वेगळा आणि मोठा प्रश्न आहे.) मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र बहुतेक ठिकाणी चालतं, पण तुमच्या गिऱ्हाइकाची बँक दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला मागू शकते. तो १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली मिळतो, त्यात जाहीर नोटीस वगैरे असल्यामुळे वेळ जातो. म्हणून त्या बँकेच्या वकिलाला आत्ताच लेखी विचारून घ्या, दस्त झाल्यावर नाही.

एक सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल: मुलाने बहिणीच्या नावे हक्कसोडपत्र करावं आणि मग एकट्या बहिणीने खरेदीखत द्यावं. गरज नसताना हा फेरा नको. सगळे वारस एकाच खरेदीखतात 'लिहून देणार' म्हणून आले की काम होतं. दस्ताच्या सुरुवातीला इतिहास नीट यावा: बिल्डरचा करारनामा, काकांचं सभासदत्व, तुमच्या साठेखताचा हवेली कार्यालयासह दस्त क्रमांक आणि तारीख, दोन्ही हप्ते, ताबा, काकांचा मृत्यू, वारसांची नावं, आणि "मयताने कबूल केल्याप्रमाणे आम्ही वारस हे खरेदीखत करून देत आहोत, आम्हाला कोणताही जादा मोबदला येणे नाही".

तुमच्या ५ लाख ७४ हजारांचा उपयोग इथे होतो. साठेखतावर पूर्ण शुल्क भरलेलं असलं की त्याच करारानुसार होणाऱ्या खरेदीखताच्या शुल्कात ते वळतं करून मिळतं आणि खरेदीखत नाममात्र शुल्कात होतं. यासाठी फ्लॅट तोच, किंमत तीच आणि घेणारे तेच असावे लागतात. "आता करतोच आहोत तर मुलाचंही नाव घालू" असं केलंत की तो त्याच कराराचा पुढचा दस्त राहत नाही, आणि आजच्या बाजारभावावर नव्याने शुल्क लागण्याची वेळ येते. शंका असेल तर मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी द्या. किती शुल्क लागेल ते लेखी येतं आणि नंतर लेखापरीक्षणात कुणी मागे लागत नाही.

अमेरिकेतल्या मुलाचा भाग सगळ्यात वेळखाऊ. तो सुट्टीला येणार असेल तर तो काळ धरून तारीख ठरवा, ते सगळ्यात सोपं. नाही तर त्याने भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर कुलमुखत्यारपत्र करून बहिणीला किंवा आईला अधिकार द्यावा. ते "माझ्या सर्व मालमत्तांबाबत" असं मोघम नको. फ्लॅटचा पत्ता, साठेखताचा दस्त क्रमांक आणि 'खरेदीखतावर सही करणे व दुय्यम निबंधकांसमोर कबुली देणे' हे शब्द त्यात हवेत. मूळ कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. लोक पाकीट कपाटात ठेवतात आणि ही मुदत चुकवतात. पाकिटावरचा कुरिअरचा शिक्का जपून ठेवा, तारीख त्यावरून सिद्ध होते.

कुलमुखत्यारपत्रावरून आठवलं. काकांनी २०२३ मध्येच तुमच्या किंवा एजंटच्या नावे खरेदीखतासाठी कुलमुखत्यारपत्र दिलं असेल आणि एजंट आता म्हणत असेल की "त्यावर करून टाकू", तर अजिबात करू नका. साधं कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं. शिवाय नोंदणीच्या वेळी मुखत्याराला 'लिहून देणार हयात आहेत' असं घोषणापत्र द्यावं लागतं. काका वारल्याचं माहीत असताना त्यावर सही म्हणजे सरळ फौजदारी गुन्हा, आणि इतकं करून दस्तही लटका.

वारसांपैकी कुणी अडला तर वकिलामार्फत नोटीस द्या. तिच्यात साठेखताचा क्रमांक, पूर्ण रक्कम दिल्याचा तपशील आणि "आम्ही आमच्या बाजूने सर्व पूर्तता केली आहे, खरेदीखताचा खर्च करण्यास तयार आहोत" हे वाक्य हवं. विशिष्ट पूर्ततेच्या दाव्यात तुम्ही कायम तयार होता हे दाखवावं लागतं, त्याची सुरुवात या नोटिशीपासून होते. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर शिवाजीनगर कोर्टात दावा. वारस करारातून सुटू शकत नाहीत, कारण मयताच्या हक्काबरोबर त्याची जबाबदारीही त्यांच्याकडे आलेली असते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर अशा दाव्यात पूर्तता नाकारायला न्यायालयाला पूर्वीइतकी मोकळीक नाही. हुकूम झाल्यावरही वारस सहीला आले नाहीत तर न्यायालय आपल्या अधिकाऱ्यामार्फत खरेदीखत करून देतं. दावा दाखल झाला की लिस पेंडन्सची, म्हणजे या फ्लॅटवर दावा चालू असल्याची, नोटीसही नोंदवून घ्या, म्हणजे तीसुद्धा ई-सर्चमध्ये दिसेल. दावा चालायला वर्षं लागतील हे खरं, पण मुदतीच्या आत तो दाखल असणं हीच निम्मी तडजोड असते. ज्याला काही मिळणार नाही हे कळतं तो बहुधा सहीला येतो.

तुमच्या हातातल्या गिऱ्हाइकाचं काय करायचं, हा शेवटचा भाग. त्यांच्याशी साठेखत नोंदवण्याची घाई करू नका, कारण त्यात "आम्ही निर्वेध मालक आहोत" असं तुम्ही लिहून द्याल आणि ते आज खरं नाही. त्यांना थांबायला वेळ नसेल तर एक मधला मार्ग आहे: तुमच्या आणि गिऱ्हाइकाच्या दस्तात काकांचे सर्व वारस 'मान्यता देणार' म्हणून सह्या करतील आणि आपले सर्व हक्क सोडत असल्याचं लिहून देतील. काही बँका हे मान्य करतात. पण सह्या त्याच माणसांच्या लागतात, मुलाचं कुलमुखत्यारपत्र तेच लागतं, मग तुमच्या नावाचं खरेदीखत आधी करून घेणंच बरं. शुल्क तर वळतं होणारच आहे. गिऱ्हाइकाकडून टोकन घेतलं असेल तर त्यांना लेखी कळवा की खरेदीखत वारसांकडून करून घेत आहोत आणि साठेखत त्यानंतर होईल, आणि त्यासाठी एक तारीख द्या. ती तारीख ठरवण्याआधी काकांच्या मुलाला विचारा की वकिलातीची अपॉइंटमेंट कधीची मिळते. माझ्या अनुभवात सगळं वेळापत्रक तिथेच अडतं.